λmax वरून डाईन आणि इनोन कसे ओळखायचे: वुडवर्ड-फीझर नियम, हिशोब आणि त्यातल्या फसव्या जागा

रचना शोधायच्या गणितात 'इथेनॉलमध्ये λmax २५२ नॅनोमीटर' अशी एखादी ओळ असते. बरेच विद्यार्थी त्या ओळीवर खूण करून थेट एनएमआरकडे वळतात, आणि काही जण त्या एकाच आकड्यातून अख्खी रचना काढायला बसतात. दोन्ही चूक. आधी कागदावर शक्य त्या रचना काढायच्या, प्रत्येकीचा λmax हिशोबाने काढायचा, आणि ज्यांचा आकडा मोजलेल्या आकड्याशी जुळत नाही त्या खोडायच्या. अतिनील शोषणाचा खरा उपयोग हा खोडण्याचा आहे. एकच रचना उरली तर उत्तमच, पण दोन उरल्या तर त्या दोघींमधला निवाडा हा आकडा करणार नाही.

हा हिशोब रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९४१-४२ मध्ये मांडला, आधी इनोनसाठी आणि मग डाईनसाठी. पुढे लुई आणि मेरी फीझर या दांपत्याने स्टेरॉइडांच्या आकड्यांवरून तो वाढवला. नियम स्टेरॉइड आणि टर्पिन यांच्यावर घडलेले आहेत, म्हणून खालची उदाहरणेही तिथलीच घेतली आहेत. सहा कार्बनांच्या वलयांवर ते छान चालतात. बाकी ठिकाणी का अडखळतात ते पुढे येईलच.

पहिली पायरी: कोणता आकडा वापरायचा

वर्णपटात एकाहून जास्त शिखरे असू शकतात. मेसिटिल ऑक्साइड हे एक साधे इनोन घ्या. इथेनॉलमध्ये त्याचे एक शिखर २३७ वर येते आणि त्याचा मोलर शोषणांक ε दहा हजारांच्या वर असतो. दुसरे बारीकसे शिखर ३१५ च्या आसपास दिसते, त्याचा ε शंभराच्याही आत. पहिले π→π*, दुसरे n→π*. आपले नियम फक्त पहिल्यासाठी आहेत. प्रश्नात दोन्ही आकडे दिलेले असतात तेव्हा मोठी तरंगलांबी पाहून 'केवढे लांब संयुग्मन!' असे वाटते, पण ε पाहिला की भ्रम उतरतो. ε काही हजारांत असेल तरच तो आकडा हिशोबाला घ्यायचा.

त्यानंतर द्रावक पाहायचा. डाईनला द्रावकाने जवळजवळ काही फरक पडत नाही, इनोनला मात्र चांगलाच पडतो. तेच मेसिटिल ऑक्साइड हेक्सेनमध्ये साधारण २३० वर शोषते, इथेनॉलमध्ये २३७ वर आणि पाण्यात २४४ च्या आसपास. नियमांचे आकडे इथेनॉलसाठी आहेत. म्हणून इनोनचे मोजमाप हेक्सेनमधले असेल तर मोजलेल्या आकड्यात ११ मिळवायचे, पाण्यातले असेल तर ८ वजा करायचे, आणि मग तुलना करायची. मेसिटिल ऑक्साइडच्याच आकड्यांवर हे करून पाहिले तर २४१ आणि २३६ मिळतात. दुरुस्ती अंदाजी आहे हे त्यावरून कळते.

दुसरी पायरी: डाईनचा पाया

दोन दुहेरी बंध एकाआड एक आहेत का, हे आधी पाहायचे. असतील तर ते दोन्ही एकाच वलयात आहेत की नाहीत, हे ठरवायचे. एकाच वलयात दोन्ही बंध असले तर ते होमोअ‍ॅन्युलर डाईन, पाया २५३. दोन बंध दोन वेगळ्या वलयांत असले तर हेटेरोअ‍ॅन्युलर, पाया २१४. उघड्या साखळीतल्या डाईनला काही पुस्तके २१४ घेतात, काही २१७. परीक्षेत जो तक्ता दिला असेल तोच पाळायचा, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

२५३ आणि २१४ मधले ३९ नॅनोमीटरचे अंतर कुठून आले, हे समजले की आकडे पाठ करावे लागत नाहीत. एका वलयात अडकलेल्या डाईनला मधल्या एकेरी बंधाभोवती फिरता येत नाही, तो कायम s-cis स्थितीत राहतो. दोन वलयांत विभागलेला डाईन s-trans राहतो. s-cis मध्ये HOMO आणि LUMO यांच्यातले अंतर कमी पडते म्हणून तरंगलांबी वाढते, पण शोषणाची तीव्रता घटते. त्यामुळे होमोअ‍ॅन्युलर डाईनचा ε बहुधा दहा हजारांच्या आसपास किंवा त्याखाली असतो, आणि हेटेरोअ‍ॅन्युलरचा त्याहून बराच वर. λmax वरून काढलेल्या निष्कर्षाला ε ही हाताशी असलेली दुसरी साक्ष आहे.

पायावर चढवायच्या भरी थोड्याच आहेत. डाईनच्या चार कार्बनांवर असलेल्या प्रत्येक अल्किल गटाला किंवा वलयाच्या कार्बनाला ५, प्रत्येक एक्सोसायक्लिक दुहेरी बंधाला ५, आणि संयुग्मन पुढे वाढवणाऱ्या प्रत्येक जादा दुहेरी बंधाला ३०. क्लोरिन, ब्रोमिन, अल्कॉक्सी वगैरे गटांच्या भरी तक्त्यात असतातच.

तिसरी पायरी: मोजणी, आणि तिथल्या चुका

चुका बेरजेत होत नाहीत, मोजणीत होतात. एक ठरलेली पद्धत ठेवली की त्या टळतात. डाईनचे चार कार्बन पेन्सिलीने गडद करा. मग एकेका गडद कार्बनापाशी थांबून विचारा: याला जोडलेले गडद नसलेले कार्बन किती? तेवढे ५ घ्या. तो कार्बन मिथिल गटाचा आहे की वलयाचा, त्याच वलयाचा आहे की शेजारच्या, याने काही बिघडत नाही. 'त्याच वलयातला कार्बन आहे, म्हणून तो पायात धरलेलाच असेल' असा समज करून घेऊन तो सोडून देणे ही नेहमीची चूक. तो पायात धरलेला नसतो.

एक्सोसायक्लिक बंधासाठी दुसरा प्रश्न विचारायचा: या दुहेरी बंधाचा एक कार्बन एखाद्या वलयात आहे आणि दुसरा त्या वलयाबाहेर, असे कोणते वलय सापडते का? सापडले तर ५. हा प्रश्न प्रत्येक वलयासाठी वेगळा विचारावा लागतो. बंध स्वतः एका वलयाच्या आत असला तरी शेजारच्या वलयाच्या दृष्टीने तो बाहेरचा असू शकतो. स्टेरॉइडांमध्ये नेहमी हेच असते आणि नवखे नेमके तिथेच चुकतात.

सोडवलेले उदाहरण: C27H44

समजा, कोलेस्ट-४-ईन-३-ऑल या अल्कोहोलमधून पाणी काढले आणि C27H44 सूत्राचा डाईन हाती आला. कागदावर दोन शक्यता दिसतात: कोलेस्टा-२,४-डाईन आणि कोलेस्टा-३,५-डाईन. सूत्र एकच, त्यामुळे वस्तुमान वर्णपट इथे मदतीला येत नाही.

आधी ३,५-डाईन. गडद कार्बन ३, ४, ५ आणि ६. तिसऱ्या कार्बनाला बाहेरून कार्बन २ जोडलेला, एक. चौथ्याचे दोन्ही शेजारी गडद, शून्य. पाचव्याला कार्बन १०, एक. सहाव्याला कार्बन ७, एक. एकूण तीन, म्हणजे १५. आता एक्सोसायक्लिक पाहू. ३-४ हा बंध पूर्ण अ वलयात आहे आणि दुसऱ्या कुठल्या वलयाला शिवत नाही. ५-६ हा बंध ब वलयात आहे, पण त्याचा पाचवा कार्बन अ वलयातही आहे आणि सहावा तिथे नाही. म्हणून अ वलयासाठी तो एक्सोसायक्लिक, ५. बंध दोन वेगळ्या वलयांत, पाया २१४. बेरीज २१४ + १५ + ५ = २३४.

आता २,४-डाईन. गडद कार्बन २, ३, ४ आणि ५, चारही अ वलयात, म्हणून पाया २५३. दुसऱ्याला कार्बन १, तिसऱ्या आणि चौथ्याला काही नाही, पाचव्याला कार्बन ६ आणि कार्बन १० असे दोन. एकूण तीन, १५. ४-५ या बंधाचा पाचवा कार्बन ब वलयात आहे, चौथा नाही, म्हणून एक्सोसायक्लिक ५. बेरीज २५३ + १५ + ५ = २७३.

प्रत्यक्ष मोजलेले आकडे ३,५ साठी २३५ च्या आसपास आणि २,४ साठी २७५ च्या आसपास आहेत. नियमांची सर्वसाधारण चूक चार-पाच नॅनोमीटरची असते. दोन शक्यतांमध्ये ३९ चे अंतर असताना तेवढ्याने निर्णय डळमळत नाही. खोडायची रचना कोणती, हे इथे निःशंकपणे सांगता येते.

हाच हिशोब एर्गोस्टेरॉलवर स्वतः करून पाहा. डाईन ब वलयात, ५-६ आणि ७-८. बाहेरचे कार्बन चार भरतात, दोन्ही बंध एक्सोसायक्लिक ठरतात, एक अ वलयासाठी आणि दुसरा क वलयासाठी. २५३ + २० + १० = २८३, मोजलेले २८२. एर्गोस्टेरॉलच्या वर्णपटात एक सपाट डोंगर नसून शेजारी शेजारी बोटांसारखी टोके दिसतात. त्यातल्या २८२ च्या टोकाशी तुलना करायची.

फेलांड्रिनची जोडी मला शिकवायला फार आवडते, कारण बंध थोडा सरकला की आकडा केवढा बदलतो ते तिथे उघड दिसते. α-फेलांड्रिनमध्ये दोन्ही बंध वलयात: २५३ + १५ = २६८, मोजलेले २६३. β-फेलांड्रिनमध्ये एक बंध वलयाबाहेर CH2 वर निघालेला: २१४ + १० + ५ = २२९, मोजलेले २३२. पाया २१७ घेतला असता तर बेरीज नेमकी २३२ आली असती. पण त्यावरून २१७ हाच बरोबर पाया, असे काही सिद्ध होत नाही.

चौथी पायरी: इनोन

इनोनमध्ये जागेला महत्त्व आहे. कार्बोनिलला लागून असलेला दुहेरी बंधाचा कार्बन α, त्यापुढचा β, आणि संयुग्मन लांबले तर γ, δ. सहा कार्बनांच्या वलयातल्या किंवा उघड्या साखळीतल्या इनोनचा पाया २१५, सायक्लोपेंटेनोनचा २०२. α वरच्या अल्किल गटाला १०, β वरच्याला १२, γ आणि पुढच्यांना १८. एक्सोसायक्लिक बंधाला ५ आणि जादा संयुग्मित बंधाला ३० हे डाईनसारखेच.

कार्बोनिलच्या दुसऱ्या बाजूला जे काही लटकलेले असेल ते मोजायचे नाही. तिथे आयसोप्रोपिल असो वा मिथिल, इनोनच्या शोषणाशी त्याचा संबंध नाही. आणि जो दुहेरी बंध संयुग्मनात नाही, तो रेणूत असूनही हिशोबात येत नाही. कार्व्होनमध्ये दोन C=C आहेत, पण आयसोप्रोपेनिलमधला बंध इनोनपासून तुटलेला आहे. हिशोब २१५ + १० + १२ = २३७, मोजलेला आकडा २३५ च्या आसपास. दुसरा बंध संयुग्मनात असता तर आकडा २६० च्या पुढे गेला असता. म्हणून सूत्रावरून दोन दुहेरी बंध निघतात आणि λmax २३५ दाखवतो, तेव्हा दुसरा बंध एकटा कुठेतरी पडला आहे, हेही कळते.

सोडवलेले उदाहरण: C10H16O

प्रश्न असा: पुदिन्याच्या जातीच्या वनस्पतीच्या तेलातले कीटोन, सूत्र C10H16O, इथेनॉलमध्ये λmax २५२, ε काही हजारांत. असंपृक्ततेच्या तीन मात्रा निघतात: एक कार्बोनिल, एक C=C आणि एक वलय. ε हजारांत असल्याने C=C कार्बोनिलशी संयुग्मित आहे.

p-मेंथेन सांगाड्याच्या पाच रचना काढून पाहू. आयसोप्युलेगोनमध्ये C=C टोकाला आहे आणि कार्बोनिलशी संयुग्मित नाही. त्याला या भागात जोरदार शोषण असणार नाही, म्हणून ते हिशोबाआधीच बाद. पायपेरिटोनमध्ये β कार्बनावर एक मिथिल आणि एक वलयाचा कार्बन, α रिकामा: २१५ + २४ = २३९. कार्व्हेनोनमध्ये β वर आयसोप्रोपिल आणि वलयाचा कार्बन: पुन्हा २३९. कार्व्होटॅनॅसिटोनमध्ये α वर मिथिल, β वर वलयाचा कार्बन: २१५ + १० + १२ = २३७.

उरले प्युलेगोन. यात दुहेरी बंध वलयातून बाहेर निघून दोन मिथिल असलेल्या कार्बनाला मिळतो. α कार्बन वलयातला, त्याला वलयाचा एक कार्बन जोडलेला, १०. β वर दोन मिथिल, २४. आणि बंध एक्सोसायक्लिक, ५. बेरीज २५४. मोजलेल्या २५२ च्या दोन नॅनोमीटर अंतरावर. बाकीचे सगळे तेरा ते पंधरा नॅनोमीटर खाली राहिले, म्हणून खोडले.

आता हाच प्रश्न उलटा करू. समजा λmax २३७ दिला असता. तर प्युलेगोन बाद, पण पायपेरिटोन, कार्व्हेनोन आणि कार्व्होटॅनॅसिटोन तिघेही उरतात. २३९ आणि २३७ यांतला फरक नियमांच्या चुकीपेक्षा लहान आहे. पहिल्या दोघांत तर हिशोबाचा आकडाही एकच. अशा वेळी 'हिशोबाशी तंतोतंत जुळते म्हणून कार्व्होटॅनॅसिटोन' असे लिहिणारे विद्यार्थी मी नेहमी पाहतो. तिथे थांबून एनएमआर उघडायचा. कार्व्होटॅनॅसिटोनच्या दुहेरी बंधावरचा हायड्रोजन β कार्बनावर आहे, तो ६.७ च्या आसपास दिसतो. बाकी दोघांत तो α वर आहे, ५.८ च्या आसपास. एवढ्याने तिसरा वेगळा होतो. पायपेरिटोनमध्ये मिथिल दुहेरी बंधावर आहे, कार्व्हेनोनमध्ये ते एका CH वर आहे आणि दुहेरी पट्टा होऊन दिसते. त्यावरून पहिले दोघे वेगळे होतात.

आणि २५२ हा आकडा इथेनॉलचा आहे हे विसरू नका. प्युलेगोन हेक्सेनमध्ये मोजले असते तर आकडा दहाएक नॅनोमीटर खाली, म्हणजे पायपेरिटोनच्या २३९ जवळ आला असता. द्रावक न पाहता उत्तर लिहिणारा तिथे चुकीची रचना निवडतो आणि त्याला ती बरोबर जुळल्यासारखीही वाटते.

नियम कुठे मोडतात

पहिली जागा, ताणलेली वलये. व्हर्बेनोनमध्ये β वर मिथिल आणि वलयाचा कार्बन, म्हणजे हिशोबाने २३९ यायला हवेत. मोजले तर २५३ येते. चार कार्बनांचे वलय पुलासारखे जोडलेले आहे, त्याच्या ताणाने १५ च्या आसपास भर पडते. गंमत अशी की प्युलेगोनशी त्याचा आकडा जवळजवळ सारखा. पण व्हर्बेनोनचे सूत्र C10H14O आहे, असंपृक्ततेची एक मात्रा जास्त. म्हणून सूत्रातून मात्रा काढल्याशिवाय λmax ला हात लावू नये. डाईनच्या बाबतीत वलयाचा आकारच आडवा येतो: २५३ हा पाया सहाच्या वलयाचा आहे, सायक्लोपेंटाडाईन २३९ च्या आसपास आणि १,३-सायक्लोहेप्टाडाईन २४८ च्या आसपास शोषते. तिथे सहाच्या वलयाचा पाया लावून हिशोब केला तर दोन्हींना २६३ येतात, आणि चूक पंधरा ते चोवीसच्या घरात जाते.

दुसरी जागा, कार्बोनिलच्या दोन्ही बाजूंना दुहेरी बंध. कोलेस्टा-१,४-डाईन-३-ओनमध्ये जादा बंध आहे म्हणून ३० मिळवण्याचा मोह होतो. पण हे बंध एका सरळ रेषेत जोडलेले नाहीत, दोन्ही कार्बोनिलला वेगवेगळ्या बाजूंनी येऊन मिळतात. दोन्ही बाजूंचा हिशोब वेगळा करायचा: १-२ बंधाकडून २१५ + १२ = २२७, ४-५ बंधाकडून २१५ + २४ + ५ = २४४. मोठा घ्यायचा, २४४, आणि मोजलेला आकडाही तिथेच आहे. याउलट कोलेस्टा-४,६-डाईन-३-ओनमध्ये बंध खरोखर लांबतात. β वर एक कार्बन १२, δ वर एक १८, जादा बंधाचे ३० आणि एक एक्सोसायक्लिक ५ धरून २८० येतात, मोजलेले २८४. दोन्हींचे सूत्र सारखे, दोन्हींत दोन C=C, तरी चाळीसचे अंतर. परीक्षक ही जोडी वारंवार का देतात, ते यावरून कळेल.

तिसरी जागा, चार किंवा कमी बंधांची मर्यादा. β-कॅरोटिनसारख्या लांब साखळीला प्रत्येक बंधाला ३० मिळवत गेलात तर आकडा प्रत्यक्षाच्या बराच पुढे जातो, कारण साखळी लांबेल तशी प्रत्येक नव्या बंधाची भर घटत जाते. चारांहून जास्त संयुग्मित बंध दिसले की फीझर-कून यांचे वेगळे सूत्र घ्यायचे.

उत्तरपत्रिकेत शेवटचा आकडाच नुसता लिहू नका. पाया, भरींची एकेक ओळ आणि द्रावक लिहा, आणि खोडलेल्या प्रत्येक रचनेसमोर तिचा काढलेला आकडा ठेवा. हिशोब आणि मोजमाप यांत पाचपर्यंत फरक असेल तर 'सुसंगत' लिहा, दहाच्या आसपास असेल तर एक्सोसायक्लिक बंध पुन्हा मोजा, कारण बहुतेक वेळा एखादा ५ तिथेच सुटलेला किंवा दोनदा धरलेला असतो. पंधराच्या पुढे गेला आणि मोजणी बरोबर असली, तर ती रचना खोडण्याआधी एकदा ताणलेले वलय आणि द्रावक तपासा.